बारावी इतिहास : ‘वसाहतवाद आणि मराठे’ हा पाठ एका पट्टीवर कसा बसवावा?

बंदरावरची
नमस्कार. मी हर्णैची, अंगणवाडीत काम करते. लेक बारावीला, कला शाखा, बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे. इतिहासातला ‘वसाहतवाद आणि मराठे’ हा पाठ तिला वाचताना कळतो, पण लिहायला बसली की सगळं एकमेकांत शिरतं.

तिने सत्तेप्रमाणे नोट्स काढल्यात. पोर्तुगीजांचं एक पान, सिद्दीचं एक, इंग्रजांची तीन. अक्षर सुंदर, खाली लाल रेघा. पण परवा रात्री मी जेवण वाढता वाढता सहज विचारलं, “वसई मराठ्यांनी कोणाकडून घेतली?” तर म्हणाली, “पोर्तुगीजांकडून, 1739, चिमाजी अप्पा.” बरोबर. मग विचारलं, “आणि वसईचा तह कोणाशी?” ती म्हणाली, “पोर्तुगीजांशी.” तीच वसई, म्हणून तेच पोर्तुगीज!

सुरतेचंही तसंच. सुरतेवरची स्वारी 1664 ची आणि सुरतेचा तह 1775 चा. पुरंदरचे तह तर दोन आहेत, 1665 आणि 1776. नाव दिसलं की जे आधी आठवेल ते लिहून टाकते.

त्यांच्या बाईंनी सांगितलंय की कारणं, परिणाम आणि निर्णायक वळणं दाखवणारी एकच कालरेषा करा. आम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागे रेघ मारली, सनावळ्या टाकल्या. बत्तीस सनावळ्या झाल्या. आता त्यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे मलाच कळेना. कोणी करून घेतलंय का?

माडाखालचा
ताई, एवढं अवघड करू नका. पानिपत हेच वळण. 1761 च्या आधी चढण, नंतर उतार, 1818 ला शेवट. तीन तारखा पाठ, मधलं आपोआप आठवतं. मी असाच पास झालो.

घाटपायथा
माझा मुलगा दहावीला आहे, त्याच्यासाठी पण ही पट्टी चालेल का? त्याच्या पुस्तकात पहिलाच पाठ इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर आहे. त्यात लढाया कुठे टाकायच्या?

खडूफळा
घाटपायथा, दहावीचं पुस्तक उपयोजित इतिहासाचं आहे, तिथे घटनांची साखळी नाही. ताई बारावीचं विचारतायत. मुलासाठी वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन.

बंदरावरची ताई, मी चिपळूणकडे बरीच वर्षं अकरावी-बारावीला इतिहास शिकवला. तुमच्या लेकीची चूक अगदी नेहमीची आहे आणि तिचं मूळ त्या सुंदर नोट्समध्येच आहे. सत्तेप्रमाणे पानं केली की एका पानावरचा परिणाम दुसऱ्या पानावर कारण होऊन जातो, हे दिसतच नाही. एक उदाहरण घ्या. साष्टी आणि वसई मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतली, हे पोर्तुगीजांच्या पानावर संपतं. पण पोर्तुगीज ती परत घ्यायला आरमार पाठवतायत अशी खबर मुंबईकर इंग्रजांना लागली, म्हणून डिसेंबर 1774 मध्ये त्यांनी आधीच ठाणं आणि साष्टी बळकावली. हे इंग्रजांच्या पानावर. दोन पानांमधला हा ‘म्हणून’ वहीत कुठेच लिहिलेला नसतो.

त्यामुळे आधी सनावळ्या विसरा. दोन शब्द घ्या, ‘मग’ आणि ‘म्हणून’. कुठल्याही दोन घटना घेऊन मध्ये ‘म्हणून’ घालून मोठ्याने वाचा. वाक्य कानाला पटलं तर बाण काढा. फक्त ‘मग’च बसत असेल, तर त्या एकामागून एक घडल्या एवढंच, बाण नको.

माडाखालचा, तुमचंच वाक्य वाचून बघा. “पानिपत झालं, म्हणून वसईचा तह झाला.” मध्ये एक्केचाळीस वर्षं आहेत. त्या काळात थोरल्या माधवरावांनी घडी बसवली आणि महादजी शिंद्यांनी 1772 मध्ये बादशहा शाह आलमला दिल्लीच्या गादीवर आणून बसवलं. नुसता उतार असता तर हे झालं नसतं. पानिपत मोठंच, पण तिथून निघालेला बाण 1818 पर्यंत सरळ जात नाही. तो घरातल्या भांडणाच्या वाटेने जातो. पानिपतानंतर काही महिन्यांत नानासाहेब गेले, गादीवर कोवळा मुलगा आला, आणि काका रघुनाथरावांना कारभार आपल्याकडे हवासा वाटला. 1772 मध्ये माधवराव गेले, 1773 मध्ये नारायणरावांचा खून झाला, बारभाईंनी रघुनाथरावांना दूर केलं, म्हणून ते इंग्रजांकडे गेले, म्हणून 1775 चा सुरतेचा तह. आता हा सुरतेचा तह 1664 च्या स्वारीत मिसळेल का?

बंदरावरची
नाही मिसळणार. पण सर, बत्तीस सनावळ्यांचं काय करू? सगळ्याच पुस्तकात आहेत.

खडूफळा
पट्टी दोन करा. शिवकालाची वेगळी, त्यात खांदेरी, सिद्दी, राज्याभिषेकाला आलेला इंग्रज वकील हे सगळं येईल. दुसरी 1735 ते 1818. ती त्र्याऐंशी वर्षं होतात. एका वर्षाला एक सेंटिमीटर धरलं तर कॅलेंडरची दोन पानं जोडून बसतात. अंतर मोजूनच टाका. मोजून टाकलं की मुलांना दिसतं की 1772 ते 1782 मध्ये दाटी आहे आणि 1782 ते 1800 मध्ये मोकळं रान आहे. त्या मोकळ्या जागेत साल्बाईच्या तहानंतर इंग्रज आणि मराठे यांच्यात मोठं युद्ध झालं नाही, ही गोष्ट न लिहिता दिसते.

रेघेच्या वर कारण, खाली परिणाम. चौकटीत सहा-सात शब्द, पण क्रियापद हवंच. यावर मी हट्ट धरतो. ‘शिंदे-होळकर संघर्ष’ असं मुलं लिहितात. त्यात कोणी काय केलं? कोणीच काही नाही. ‘पुण्यात विठोजी होळकराला मारलं’ असं लिहिलं की पुढचा ‘म्हणून’ आपोआप येतो.

एक नमुना करून दाखवतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. 1800 ते 1803.

मार्च 1800 मध्ये नाना फडणवीस गेले. दुसऱ्या बाजीरावांना आणि दौलतराव शिंद्यांना आवर घालणारं कोणी उरलं नाही. ही वरची चौकट, पण हे दूरचं कारण. नाना गेले म्हणजे लगेच तह होणारच होता असं नाही. 1801 मध्ये पुण्यात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं, म्हणून त्यांचे भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आले. 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरजवळ त्यांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. हे तात्कालिक कारण. बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरले, महाडकडून तुमच्या हर्णैच्या सुवर्णदुर्गावर, तिथून रेवदंडा आणि शेवटी वसई. 31 डिसेंबर 1802 ला तिथे तह झाला. पराभवापासून तहापर्यंत सदुसष्ट दिवस.

आता रेघेच्या खाली. किमान सहा हजार इंग्रजी पायदळ पेशव्यांच्या मुलखात कायम राहणार, त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख द्यायचा, इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय माणसाला नोकरीत ठेवायचं नाही, आणि दुसऱ्या सत्तांशी बोलणं इंग्रजांना विचारूनच. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना हा तह मान्य नव्हता, म्हणून 1803 चं युद्ध. हा परिणाम रेघेखाली लिहिला की त्याच्याच टोकावरून पुढच्या घटनेच्या वरच्या चौकटीकडे बाण जातो. एकच वाक्य दोनदा लिहू नका, बाण काढा.

आणि वसई तेव्हा मराठ्यांचीच होती. 1780 मध्ये इंग्रजांनी ती घेतली होती, 1782 च्या साल्बाईच्या तहात पेशव्यांना परत दिली आणि साष्टी मात्र स्वतःकडे ठेवली. लेकीला हे एक सांगा, पोर्तुगीज कायमचे निघून जातील तिच्या डोक्यातून.

बंदरावरची
सर, सुवर्णदुर्ग आमच्या घराच्या मागच्या पायऱ्यांवरून दिसतो. लेक जन्मापासून बघतेय. तिला मी आत्ता वाचून दाखवलं, तर वही घेऊन बाहेर जाऊन बसली. म्हणाली, “म्हणजे पेशवा इथे पळून आला आणि मग तह?” मी म्हटलं, “मग की म्हणून?” जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “इथे मग. हडपसरला हरला, म्हणून तह.”

खडूफळा
हेच हवं होतं. सुवर्णदुर्ग, रेवदंडा हे ‘मग’चे टप्पे. पट्टीवर बारीक ठिपके द्या, चौकट देऊ नका.

जुनाविद्यार्थी
मी तीन वर्षांपूर्वी बारावी दिली. माझा अनुभव सांगतो, कारण मीही कालरेषा केली होती आणि तरी मार्क गेले. ‘सकारण स्पष्ट करा’ला मी सगळ्या तारखा क्रमाने लिहिल्या. दीड पान. एकही तारीख चुकली नव्हती. नंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली, तर त्या प्रश्नाला अर्ध्याहून कमी गुण होते. आज हा धागा वाचताना कळलं की माझ्या दीड पानात सगळे ‘मग’ होते. सर, मग उत्तरपत्रिकेत ती रेघच काढली तर चालेल का?

खडूफळा
प्रश्नात मागितली असेल तरच काढा. एरवी पट्टी घरी ठेवायची आणि तिच्यातून वाक्यं न्यायची. ‘सकारण’ला विधान परिणामाचं असतं, म्हणजे पट्टीच्या खालच्या भागातलं. त्याच्याकडे येणारे बाण उलटे धरून मागे जा, दोन किंवा तीन चौकटी, बस. दूरचं कारण आधी, तात्कालिक नंतर. टीपेला एकाच घटनेचा वरचा, मधला आणि खालचा भाग घ्या. मत मागितलं असेल तर वळणावर बोट ठेवा आणि ते वळण का, हे लिहा.

गिर्येकर
मी विजयदुर्गाकडचा. पट्टी 1735 पासून म्हणताय पण अजून तुळाजी आंग्र्यांचं नाव कोणी घेतलं नाही. आमच्या गावात तुळाजीक चाचो म्हटलेला कोणाक खपणा नाय. पुस्तकांत दोन ओळी देतात आणि पुढे जातात. माझ्या मते खरं वळण पानिपत नाही नि वसई नाही, 1756 आहे. पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन आपलंच आरमार जाळलं आणि विजयदुर्ग इंग्रजांच्या घशात घातला. त्या दिवसापासून मराठी आरमार संपलं.

खडूफळा
गिर्येकर, 1756 पट्टीवर हवंच, आणि आंग्रे भावांच्या वाटणीमुळेच मी सुरुवात 1735 ला धरली. मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेकडच्या किल्ल्यांवर, संभाजीनंतर तुळाजी. ते पेशव्यांना जुमानत नव्हते, म्हणून नानासाहेबांनी 1755 मध्ये मुंबईकरांशी करार केला. त्याच वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि बंदरातलं तुळाजींचं आरमार जळालं. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण किल्ला इंग्रजांकडे राहिला नाही. त्यांनी आधी सोडायला खळखळ केली आणि मग त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये बाणकोट आणि आसपासची काही गावं घेऊन विजयदुर्ग पेशव्यांना दिला. आणि आरमार ‘संपलं’ म्हणणंही जास्त होईल. पुढे विजयदुर्गाचे आनंदराव धुळप पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार होते, आणि 1783 मध्ये त्यांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज लढून पकडलं.

गिर्येकर
धुळपांचा वाडा आमच्या इथेच आहे सर, मला माहीत आहे. बाणकोटचं मान्य, ते मी चुकीचं लिहिलं. पण 1756 नंतर मुंबईकरांना समुद्रावर कोणाची धास्ती वाटली असं मला कोणी दाखवावं. आधी कान्होजींच्या वेळी 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर आले आणि हात हलवत परत गेले. नंतर 1774 मध्ये साष्टी घेतली तेव्हा समुद्रातून कोणी आडवं आलं?

माडाखालचा
हे पटतंय. पण मग बाण 1756 पासून 1774 ला काढायचा का? सरांच्या नियमाने वाचतो : “विजयदुर्गाला आरमार जळालं, म्हणून अठरा वर्षांनी साष्टी गेली.” मला अर्धवट वाटतंय. साष्टी जायला पुण्यातला गोंधळ पण होता ना? नारायणरावांचा खून नुकताच झाला होता.

खडूफळा
माडाखालचा, अगदी मोक्याची गोष्ट काढलीत. म्हणूनच तिथे मी तुटक बाण काढायला सांगतो. घटना घडवली पुण्यातल्या फुटीने आणि पोर्तुगीजांच्या खबरीने. आरमार दुबळं असल्याने ती सोपी झाली. ‘घडवलं’ला अखंड बाण, ‘सोपं केलं’ला तुटक. पट्टीवर तीन-चारपेक्षा जास्त तुटक बाण झाले तर समजावं की आपण अंदाज बांधतोय.

कातळशिल्प
मी शिक्षिका नाही, अधूनमधून वाचते. एक शंका आहे. वळण नक्की कसं ओळखायचं? प्रत्येक जण आपल्या आवडीची घटना सांगतोय. मोठी लढाई म्हणजे वळण का?

खडूफळा
मोठेपणावर नाही. मी मुलांना विचारायला लावतो, “याच्या आदल्या दिवशी कोणापुढे कोणत्या वाटा होत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यातली कोणती बंद झाली?” 30 डिसेंबर 1802 ला बाजीराव अजून होळकरांशी बोलू शकत होते, शिंद्यांची नवी फौज येईपर्यंत थांबू शकत होते. 1 जानेवारीला परराष्ट्राशी बोलायलाही इंग्रजांची परवानगी लागणार होती. वाट बंद झाली, म्हणून वळण. याउलट 1779 चं वडगाव घ्या. इंग्रजांचा पराभव झाला, करार झाला, पण कलकत्त्याने तो मानलाच नाही आणि युद्ध पुढे चाललं. मराठी मनाला ती घटना फार मोठी वाटते, मलाही वाटते, पण वाटा तशाच राहिल्या. म्हणून चौकट, वळण नव्हे.

खडकी, नोव्हेंबर 1817, हेही माझ्या मते वळण नाही. वाटा आधीच बंद झाल्या होत्या, तिथे फक्त शेवट झाला.

कातळशिल्प
खडकीबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. जून 1817 च्या पुण्याच्या तहात बाजीरावांनी मराठा मंडळावरचं प्रमुखपण सोडलं खरं, पण लढायचं की नाही हे त्यांच्याच हातात होतं. न लढता राहिले असते तर निदान गादी राहिली असती, निझामाची राहिली तशी. म्हणजे एक वाट उघडी होती.

खडूफळा
हा मुद्दा मला नाकारता येत नाही. विद्यार्थ्याने असं लिहिलं आणि निझामाचं उदाहरण दिलं, तर मी पूर्ण गुण देईन. मी मात्र माझ्या पट्टीवर वळणाची खूण 1802 लाच ठेवीन.

जुनाविद्यार्थी
एक विचारायचं राहिलं. पट्टी चुकली आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं? ताईंना तपासून द्यायला दर वेळी सर नसतील.

खडूफळा
तीन ठिकाणी बघा. एखाद्या चौकटीत बाण येतही नाही आणि तिथून निघतही नाही, तर ती पट्टीवर कशाला आहे ते विचारा. बहुतेक वेळा मधला दुवा राहिलेला असतो. एकच वाक्य वरही आहे आणि खालीही, तर बाणाऐवजी नक्कल झाली. आणि एखादा बाण वीस-पंचवीस वर्षांवरून उडी मारत असेल तर मधे कोणीतरी माणूस लपलाय, त्याला शोधा. पानिपतापासून सुरतेच्या तहाकडे बाण काढला तर मधे रघुनाथराव लपलेले असतात.

तपासायचं झालं तर खालचा अर्धा भाग वहीने झाका आणि लेकीला सांगू द्या. सनावळी एखाद्या वर्षाने चुकली तरी थांबवू नका, ‘म्हणून’ चुकला तर थांबवा. सनावळ्या नंतर दोन दिवसांत बसतात.

बंदरावरची
चार दिवसांनी लिहितेय. पट्टी झाली. बत्तीसच्या अठरा चौकटी उरल्या, बाकीचे ठिपके. स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवली आहे, दार लावलं की दिसते.

काल तिने खालचा भाग झाकून सांगितलं. साष्टीपाशी अडकली. 1739 ला आपली, 1774 ला इंग्रजांची, आणि 1782 ला? “परत आली” म्हणाली. मी काही बोलले नाही. तिने स्वतःच बाणावर बोट ठेवून मागेपुढे केलं आणि म्हणाली, “नाही, वसई परत आली, साष्टी राहिली.” मग साष्टीची चौकट हिरव्या पेनने रंगवली.

वळणाच्या खुणा तिने तीन केल्या आहेत : 1756, 1773 आणि 1802. सर, 1773 तिने स्वतः निवडलं. म्हणते नारायणरावांच्या खुनानंतर रघुनाथरावांना पुण्यात परत जागा मिळणं शक्य नव्हतं, म्हणून ती वाट बंद. चालेल का? आणि गिर्येकर, तुमच्या 1756 साठी तिने तुटक बाण काढला, पण खूण मात्र भरीव ठेवली. मी पुसायला सांगितली, तर ऐकत नाही.

गिर्येकर
राहू द्या ताई, पुसू नका.

खडूफळा
1773 उत्तम. फक्त एक जोडायला सांगा : खुनानंतर काही महिने रघुनाथराव पेशवे होतेच. वाट बंद झाली ती बारभाईंनी त्यांना दूर करून 1774 मध्ये सवाई माधवरावांच्या नावाने कारभार सुरू केला तेव्हा. म्हणजे खूण 1773 वर की 1774 वर, हे तिने ठरवावं आणि कारण एका वाक्यात लिहून मला दाखवावं.

बंदरावरची
संध्याकाळी क्लासवरून आली की विचारते.